नवऱ्याच्या मधुमेहाबद्दल सासरच्यांना पत्र

प्रश्न: माझ्या मिस्टरांना मधुमेह आहे. सासरी कुठलाही कार्यक्रम असला की पंगतीत गोडाचा भयंकर आग्रह होतो आणि त्यांना नाही म्हणता येत नाही. कुणाला न दुखवता नातेवाइकांना पत्र कसं लिहू?

उत्तर:

मी दोन वर्षांपूर्वी असं पत्र लिहिलं होतं, गौरीजेवणाच्या आठ दिवस आधी. पहिला मसुदा फाडला. त्यात यांचे रिपोर्ट होते, डोळ्यांची-मूत्रपिंडाची भीती होती. यांनी वाचून एवढंच म्हटलं, "मी काय गावभर आजारी म्हणून मिरवू?" तेव्हा पहिलं काम म्हणजे मिस्टरांना विचारा आणि मसुदा त्यांना दाखवा.

पत्र लिहायला कारण झालं ते त्याआधीच्या वर्षीचं. आमच्याकडे वाईला सोळा भाज्या, पुरणपोळी आणि सगळ्यांच्या वेळा सांभाळत आरती. हे सकाळी नाश्त्याआधी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. नाश्ता म्हणून चार घास उपमा खाल्ला आणि पान वाढायला पावणेतीन वाजले. अडीचलाच यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. साखर मोजायच्या मीटरवर ५८, म्हणजे फारच खाली. आणि एरवी "एकाने काय होतंय" म्हणणाऱ्या घरात तेव्हा कुणाला काही सुचेना. चुलत सासूबाईंनी धावत मोदक आणला. पण खोबऱ्याच्या स्निग्धपणामुळे मोदकातला गूळ रक्तात उतरायला वेळ लागतो. अशा वेळी पाण्यात विरघळवलेली साधी साखर हवी. ती दिल्यावर वीस मिनिटांत बरं वाटलं. मग पंगत बसली आणि "आता साखर कमीच आहे ना" म्हणत दोन पोळ्या जास्त वाढल्या! दोन तासांनी मीटरवर २८०.

म्हणून माझ्या पत्रात आग्रहापेक्षा जेवणाची वेळ आधी आली. दिलं ते असं:

"ती. काकूंना व सर्वांना सा. न. वि. वि.

गौरीजेवणाला आम्ही येतोच आहोत. एक विनंती आहे, ती ह्यांच्या संमतीने लिहिते आहे.

ह्यांच्या सकाळच्या गोळीमुळे जेवायला उशीर झाला तर साखर फार खाली जाते. आरतीला वेळ लागणार असेल तर ह्यांचं पान एक वाजता एकट्याचं वाढावं. नैवेद्याआधी जेवले म्हणून गौरी रागावणार नाही, आणि तुम्हीही रागावू नये.

ह्यांच्या पानात पुरणपोळी अर्धी वाढावी. तीही ह्यांनी मागितली तर. प्रसादाचा मोदक ते स्वतः मोडून घेतील. वाढून झाल्यावर पुन्हा 'घ्या हो' म्हणू नये. ते नको म्हणतात तेव्हा सगळी पंगत बघते आणि मग त्यांना घ्यावंच लागतं. 'गुळाचं आहे, चालतं' असं आपण म्हणतो, पण गुळानेही साखर तितकीच चढते. 'आज गोळी जास्त घ्या' असंही कुणी म्हणू नये.

काकू, कटाची आमटी आणि भरली वांगी मात्र ह्यांना दोनदा वाढा.

आणि ह्यांना घाम सुटला, हात कापू लागले, बोलणं अडखळलं तर थांबू नका. तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी मीटर बघा. ७०च्या खालीच असेल तर पुन्हा द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

आपली, धाकटी सून."

वांग्यांची ओळ मला फार कामाला आली. आग्रह करणाऱ्याला काहीतरी वाढायचं असतं. ताट नुसतं परत केलं की अपमान वाटतो, पण दुसरा पदार्थ दिला की हात तिकडे वळतो.

साखर खाली जाण्याचा परिच्छेद मात्र सगळ्यांना लागू नाही. मिस्टर फक्त मेटफॉर्मिन घेत असतील तर एरवी तसं होत नाही, तो गाळा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर ठेवा आणि सणाच्या दिवशी गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, जेवण नक्की किती वाजता होणार हे ठाऊक नसेल त्या दिवशी आधी फोन करा.

पत्र मी व्हॉट्सअॅपवर टाकलं नाही. तिथे वीस जणांचे अंगठे येतात आणि पंगतीत कुणाला आठवत नाही. कागदावर लिहून वाढणाऱ्या दोघींना, म्हणजे काकूंना आणि मोठ्या जाऊबाईंना दिलं. एक मामा रुसले. "आमच्या वेळी नव्हती ही थेरं" म्हणाले आणि अजूनही म्हणतात. काकूंनी मात्र फोन करून एकच विचारलं, "मग त्याच्या पोळीला मी तूप किती घालू?"