एकतारी पाक: तार नेमकी कुणासाठी?

«एका रेसिपीत गुलाबजामसाठी आणि दुसरीत जिलबीसाठी, दोन्हीकडे ‘एकतारी पाक’ असंच लिहिलंय. माझ्या सासूबाई म्हणतात गुलाबजामला तार नको, नुसता चिकट पाक हवा. इथे ऐरोलीतला हलवाई ‘चाशनी’ म्हणतो. एकतारी म्हणजे नक्की किती? आणि दोनतारी म्हणजे खरंच दोन तारा दिसतात का?»

सासूबाई बरोबर आहेत. रेसिपी लिहिणाऱ्यानं शब्द सैल वापरलाय. जिलबीला एकतारी पाक, गुलाबजामला त्याच्या अलीकडचा. आता शब्दाकडे वळतो.

‘एकतारी’ हे विशेषण आहे, ‘एकमजली’, ‘एकपदरी’ यांच्या घडणीचं. म्हणून ते जोडून लिहायचं, ‘एक तारी पाक’ असं तोडून नाही. भजनातली एकतारी हे नाम झालं, पण तिथेही घडण तीच. गंमत अशी की या शब्दात पाक किती घट्ट, किती गोड, किती वेळ उकळलेला, यातलं काहीच सांगितलेलं नाही. सांगितलाय तो फक्त एका चाचणीचा निकाल: पाक बोटांत धरला, बोटं लांब केली, मधे एक तार आली. तेव्हा ‘एकतारी म्हणजे किती’ याचं उत्तर ती चाचणी तुम्ही कशी करता यावर ठरतं, आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो.

माझा झालेला सांगतो. पंचपाखाडीला राहायला आलो त्या दिवाळीत मी गुलाबजामचा पाक करायला उभा राहिलो. पळीतला थेंब तसाच गरम बोटांवर घेतला. चटका बसला, तार काही आली नाही. परत दोन मिनिटांनी घेतला, परत नाही. तिसऱ्यांदा तार आली तेव्हा मी खूश. खाली गॅस मात्र मोठाच होता. जाम पाकात सोडले, ते वर तरंगत राहिले आणि अर्ध्या तासात सुरकुतून बोरांसारखे झाले. कापून बघितला तर बाहेर चिकट गोड आणि आत गाभा दडस, पांढरा, कोरडा.

एकाच वेळी दोन चुका झाल्या होत्या. पहिली चाचणीची. पाक गरम असताना पातळ वाहतो, त्यामुळे तार येण्याइतकी साखर त्यात असली तरी ती गरम थेंबात दिसत नाही. थेंब स्टीलच्या ताटलीत टाकून पाच-सात सेकंद थांबायचं, बोटाला सोसेल इतका कोमट झाला की अंगठा आणि तर्जनीत धरायचा आणि बोटं हळूच उघडायची. बोटं नुसती चिकटतात, उघडताना किंचित ओढ लागते आणि मधे काहीच दिसत नाही, तो चिकट पाक. एक बारीक तार येते, अर्धा-पाऊण सेंटीमीटर ताणली जाते आणि तुटते, तो एकतारी. आणि ही सगळी तपासणी चालू असताना गॅस बंद हवा, कारण आपण बोटं चाचपतो तेवढ्यात पातेल्यातला पाक पुढे जातो. ‘पाक पुढे गेला’ हा आपल्या घरातला शब्दप्रयोग मला फार नेमका वाटतो. पाक बिघडत नाही, तो फक्त पुढच्या ठिकाणी पोचलेला असतो, आणि गरम पाणी घालून त्याला मागे आणता येतं.

दुसरी चूक शब्दाची. गुलाबजामला मुळात तार हवीच नव्हती. जाम स्पंजासारखा असतो आणि पाक त्याच्या आत शिरायचा असतो. बाहेरचा पाक फार दाट असेल तर तो आत जाण्याऐवजी जामातलंच पाणी बाहेर ओढून घेतो. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटतं, तसंच. म्हणून जाम आक्रसतो. उलट पाक फारच पातळ राहिला तर जाम फुगून मऊ पडतो, उचलताना चमच्यावर फुटतो. घरच्या भाषेत हा ‘कच्चा पाक’.

हे दोन पाक एकमेकांपासून किती लांब आहेत ते वजनानं फार सोपं कळतं, आणि हल्ली मी बोटांपेक्षा वजनकाट्यावरच जास्त भरवसा ठेवतो. अर्धा किलो साखर आणि ३५० मिली पाणी घ्या. मिळून ८५० ग्रॅम. साखर उडून जात नाही, जातं ते फक्त पाणी, त्यामुळे पातेल्याचं वजन किती उतरलं यावरून पाक कुठे आलाय ते कळतं. माझं जाड बुडाचं पातेलं ६२० ग्रॅमचं आहे, म्हणजे सुरुवातीला काटा १,४७० दाखवतो. साखर विरघळवायची, एक उकळी आणायची, चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढून टाकायची. पातेलं १,४२० वर आलं की पाक ८०० ग्रॅम उरलेला असतो, म्हणजे शंभरात साडेबासष्ट भाग साखर. हा गुलाबजामचा. तसाच उकळत ठेवला आणि १,३३५ वर उतरवला की पाक ७१५ ग्रॅम, शंभरात सत्तर भाग साखर. थंड थेंबाला आता एक तार येईल. हा जिलबीचा. दोघांत फरक आहे तो फक्त ८५ ग्रॅम पाण्याचा, चहाच्या लहान कपाएवढ्या पाण्याचा. (गरम पातेलं काट्यावर थेट ठेवू नका. खाली लाकडी पाट ठेवून काटा आधी शून्य करून घ्या. दूध चमचाभरच, आणि मळीबरोबर थोडं काही निघून जातं, तेवढा फरक चालतो.)

थर्मामीटरवाल्यांसाठी: ठाणं-नवी मुंबई जवळपास समुद्रसपाटीला असल्यामुळे इथे एकतारी पाक साधारण १०५ अंशांवर उकळत असतो. महाबळेश्वरला मात्र पाणीच ९५-९६ अंशांना उकळतं, तिथे १०५ ची वाट बघत बसलात तर पाक केव्हाच पुढे जाईल. तार तिथेही तीच येते. आकड्यांच्या जमान्यातही हा जुना शब्द टिकून राहिला, त्याचं एक कारण मला हेच दिसतं.

जिलबीला तार का लागते? तिला मुरायला वेळच देत नाहीत. पंधरा ऑगस्टला सकाळी आमच्या नौपाड्यात जिलबीच्या रांगा लागतात, तेव्हा रांगेत उभं राहून बघण्यासारखं असतं. कढईतून काढलेली जिलबी तूप निथळतं न निथळतं तोच पाकात जाते, झाऱ्यानं एकदा दाबली जाते, उलटली जाते आणि अर्ध्या-एक मिनिटात बाहेर. तिची नळी आतून पोकळ असते. गरम जिलबी पाकात पडली की आतली वाफ आळते आणि तिच्या जागी पाक ओढला जातो. तेवढ्या क्षणात जो पाक आत गेला तो तिथेच राहायला हवा आणि कवच कुरकुरीतही राहायला हवं. पातळ पाकातलं जास्तीचं पाणी कवचाला मऊ पाडतं. त्या दुकानातला कारागीर बोटं वापरतच नाही. झारा पाकात बुडवून उभा धरतो आणि शेवटचा थेंब पडताना त्याच्यामागे शेपूट ओढली जाते का, एवढंच बघतो. थेंब टपकन सुटला तर पाक अजून चुलीवर, शेपटीसकट लांबून पडला तर जिलब्या चालू. पाक कोमटाहून जरा गरम ठेवतात. अगदी गार पाक दाट होऊन बाहेरच बसतो, आणि उकळता पाक कवच नरम करतो.

आता सासूबाईंच्या बाजूनं आणखी एक पुरावा. आपल्याकडच्या तीसेक अंशांच्या हवेत १०० ग्रॅम पाण्यात साधारण २१५ ते २२० ग्रॅम साखर विरघळलेली राहू शकते. वरच्या हिशेबातल्या गुलाबजामच्या पाकात १०० ग्रॅम पाण्यामागे साखर येते १६७ ग्रॅम, जिलबीच्या पाकात २३३. म्हणजे चिकट पाक ही मर्यादा ओलांडत नाही आणि एकतारी ओलांडतो. म्हणून एकतारी पाकातले गुलाबजाम दुसऱ्या दिवशी बघावेत तर डब्याच्या तळाशी खडे धरलेले असतात, जामांवर पांढरी खर. याला आपण ‘पाक साखरला’ म्हणतो. नामापासून असं सरळ क्रियापद मराठीत किती सहज होतं बघा. जिलबीच्या पाकात अर्धा चमचा लिंबाचा रस पिळतात तो यासाठीच. आंबटामुळे उकळत्या पाकातली थोडी साखर फुटून तिच्या दोन वेगळ्या साखरा होतात, त्या मधे मधे आल्या की खडा बांधला जात नाही. पण लिंबू शेवटी, पाक उतरवून गार झाल्यावर पिळलं तर हे काम फारसं होत नाही, उकळतानाच घालायचं. मळी काढून झाल्यावर घाला, म्हणजे दूध फाटून पाकात कण राहत नाहीत.

दोनतारी. मराठीच्या सवयीनं हा शब्द ‘दुतारी’ व्हायला हवा होता, जसं दुमजली, दुपदरी, दुहेरी. स्वयंपाकघरात मात्र ‘दोनतारी’च रुळला. माझा अंदाज असा की इथे ‘दोन’ म्हणताना बायका खरोखर मोजत होत्या. पाक आणखी आळला की बोटं उघडताना कधी शेजारी शेजारी दोन तारा उठतात, कधी एकच पण चांगली लांब, चटकन न तुटणारी. तेव्हा दोन तारा दिसल्याच नाहीत तर पाक झाला नाही असं समजून उकळत बसू नका, लांबी बघा. बालुशाहीवर जो पांढरा साखरेचा थर चढतो तो या पाकाचा, म्हणजे तिथे पाक साखरावा हीच इच्छा असते. त्याच्याही पुढे तार मोजणं संपतं आणि पाण्यातल्या थेंबाची गोळी होते का ते बघायचं. तो गोळीबंद पाक, चिक्की-लाडवांच्या कामाचा. रेसिपीत ‘तीनतारी’ दिसलं तर मी ते ‘गोळीबंदाच्या जरा अलीकडे’ असं वाचतो.

राहिला हलवायाचा शब्द. आपला ‘पाक’ संस्कृत ‘पच्’ धातूतला, म्हणजे मूळ अर्थ नुसता शिजवणं. स्वयंपाक, पाककृती, परिपाक यांत तोच आहे. साखरेच्या शिजवलेल्या पाण्याला नुसतं ‘पाक’ म्हणणं हा अर्थ त्यातून आकसत आलाय. ‘चाशनी’ फारसीतून हिंदीत आली आणि मूळ अर्थ चव, चाखणं. एक शब्द चुलीवरचा, दुसरा जिभेवरचा, आणि तार या दोघांतही नाही. गुलाबजामच्या नावातला गुलाबसुद्धा मुळात फूल नाही: फारसी गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी, म्हणजे हे गुलाबपाणी, जे पाकात घालतात. ते मात्र गॅस बंद केल्यावर घाला, उकळत्या पाकात वास उडून जातो.