कडू नको असेल तर सुरुवात गव्हाच्या बियरने करा

प्रश्न : मला बियरचा कडूपणा अजिबात सहन होत नाही. मित्र म्हणतात, पीत राहा, सवय होईल. कमी कडू अशी कोणती बियर असते का? सोलापुरात राहतो.

उत्तर :

सवय लावून घ्यायची काही गरज नाही. मी पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत चार वर्षं बियर बनवायच्या कामावर होतो, आता सोलापुरात परत आलोय. तुमच्यासारखीच तक्रार माझ्या मावसभावाची होती, म्हणून त्याच्यावरूनच सांगतो.

तो बियरला सरळ "काढा" म्हणायचा. मी विचारलं, आत्तापर्यंत काय काय प्यायलास? तर प्रत्येक वेळी परमिट रूममधली स्ट्राँग. मग एका रविवारी गच्चीवर त्याच्यासमोर तीन ग्लास ठेवले: त्याची नेहमीची स्ट्राँग, एक माइल्ड लेगर आणि एक व्हीट, म्हणजे गव्हाची बियर. सांगितलं, घोट गिळल्यावर लगेच बोलू नकोस, दहा सेकंद थांब आणि त्रास नेमका कुठे होतो ते बघ. स्ट्राँगला त्याने घशावर आणि छातीवर हात ठेवला. माइल्डला म्हणाला, जिभेच्या मागच्या बाजूला कडू चिकटून राहिलंय. हे दोन वेगळे त्रास आहेत. पहिला अल्कोहोलचा. आपल्याकडची स्ट्राँग आठ टक्क्यांपर्यंत जाते आणि ती जळजळ लोक कडूपणा समजतात. दुसरा खरा कडूपणा, तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा. तुम्हीही आधी एवढं तपासा. फक्त घशात जळत असेल, तर पाच टक्क्यांच्या आतली साधी माइल्डसुद्धा चालून जाईल.

हॉप्सचा कडूपणा उकळण्यातून येतो. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य; त्याच्या गोड पाण्यात हॉप्स तासभर उकळले की त्यातली आम्लं बदलतात, पाण्यात विरघळतात आणि कडू लागतात. हा कडूपणा आयबीयू या आकड्यात मोजतात. जर्मन पद्धतीच्या व्हीट बियरमध्ये तो साधारण 8 ते 15 असतो, पिल्सनर नावाच्या चांगल्या लेगरमध्ये 25 ते 40, भरपूर हॉप्सच्या आयपीएमध्ये 40 च्या पुढे. मित्रांनी आग्रह केला तरी आयपीए तुमच्यासाठी नाही.

मावसभावाने तिसरा ग्लास संपवला. व्हीट बियरमध्ये हॉप्स कमी असतात हे एक कारण, पण त्याहून मोठं काम यीस्ट करतं. हेफेवाइझेन या जर्मन व्हीट बियरचं यीस्ट आंबवताना जो पदार्थ तयार करतं, तोच पिकल्या केळ्याच्या वासात असतो, आणि सोबत लवंगेची झाक येते. त्याने पहिल्यांदा वास घेतला तेव्हा विचारलं होतं, यात केळ्याचा इसेन्स टाकलाय का? काहीही टाकलेलं नसतं. निम्मा किंवा त्याहून जास्त माल्ट गव्हाचा असतो, त्यातल्या प्रथिनांमुळे फेस दाट होतो आणि घोट मऊ लागतो. बेल्जियन प्रकाराला विटबियर म्हणतात. त्यात धणे आणि संत्र्याची साल असते. हा प्रकार जवळजवळ नामशेष झाला होता, पिएर सेलिस यांनी 1966 मध्ये हूखार्डन गावात तो पुन्हा सुरू केला. लेबलवर "व्हाईट", "विट" किंवा "वाइस" असं काही दिसलं तर याच घरातली बियर समजा.

सोलापुरात घेताना एक काळजी घ्याच. व्हीट बियर ताजी असतानाच चांगली, आणि आपल्या मे महिन्याच्या 42-43 अंशांत ती लवकर बिघडते. एका दुकानातून मी आणलेल्या दोन बाटल्यांना केळ्याचा मागमूस नव्हता, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास होता. खोकं कितीतरी दिवस बाहेरच्या पत्र्याखाली पडून होतं, हे नंतर कळलं. तेव्हा बनवल्याची तारीख बघा, तीन-चार महिन्यांच्या आतली आणि फ्रीजमधलीच मागा. उन्हाकडे तोंड केलेल्या शोकेसमधली हिरवी किंवा पांढरी बाटली नकोच. उजेडाने हॉप्समधला पदार्थ फुटतो आणि उग्र, कुबट वास येतो. हा वास आला तर दोष बियरच्या प्रकाराचा नाही, साठवणुकीचा आहे.

ओततानाही घाई नको. फ्रीजमधून काढून पाच मिनिटं थांबा. दात शिवशिवतील इतकी गार असेल तर केळं, धणे काहीच कळत नाही आणि उरतो तो कोरडेपणा. ग्लास तिरका धरून तीन चतुर्थांश बाटली ओता, उरलेली हलक्या हाताने गोल फिरवा म्हणजे तळाचं यीस्ट उठेल, मग तीही ओता. गढूळपणा हवाच असतो. सोबत शेंगा चटणी आणि कडक भाकरी ठेवा. चटणीतलं मीठ जिभेवरचा उरलासुरला कडूपणा दाबतं. फार तिखट सुकं मटण मात्र पहिल्या दिवशी नको, अल्कोहोल आणि गॅस मिळून तिखट आणखी पेटतं.

दुसरा पर्याय अंबर लेगर. याचा आयबीयू थोडा जास्त असतो, 18 ते 30, तरी जिभेला तेवढं कडू लागत नाही, कारण माल्ट जास्त भाजलेला असतो आणि त्याचा गोडसर, ब्रेडच्या सालीसारखा स्वाद हॉप्सना झाकून टाकतो. तव्यावरून उतरलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा जो वास, तोच इथे. पण भाजण्याला हद्द आहे. शेंगदाणे करपले की चटणी कडू होते, तसंच काळ्या स्टाउटचं होतं. तांबूस रंगावर थांबा, काळ्याकडे जाऊ नका.

तिसरा, फळांच्या आंबट बियर. कडूपणा यात सगळ्यांत कमी, आणि त्यामागचं कारण मला फार आवडतं. ही बियर दह्यातल्या जिवाणूंच्याच घराण्यातल्या लॅक्टोबॅसिलसने आंबवतात, आणि त्याला हॉप्स सोसत नाहीत. कोमट माल्टच्या पाण्यात एक-दोन दिवस विरजण लागतं, तसं ते लावावं लागतं. हॉप्स जास्त पडले की आंबटपणा धरतच नाही. म्हणून बनवणारा नाइलाजाने हॉप्स कमी ठेवतो. मग त्यात आंबा, पॅशनफ्रूट, जांभूळ असं काही घालतात. गोझ नावाच्या जर्मन प्रकारात तर मीठ आणि धणेही असतात. मीठ घातलेला लिंबू सोडा आवडत असेल तर गोझ पहिल्या घोटातच पटेल. पित्ताचा त्रास असेल तर मात्र रिकाम्या पोटी घेऊ नका.

अंबर आणि आंबट बियर सोलापुरात सहज मिळत नाहीत, त्यासाठी पुण्याच्या मायक्रोब्रुअरीत जावं लागेल. सकाळच्या हुतात्माने गेलात तर दुपारी निवांत बसता येतं. गाडी चालवत जाऊ नका. वय 21 पूर्ण असल्याचा पुरावा जवळ ठेवा. तिथे अख्खा मग मागवू नका, चवीचे छोटे ग्लास मागा. क्रम असा ठेवा: आधी गव्हाची, मग अंबर, आंबट शेवटी. आंबट आधी प्यायलात तर जीभ आंबून जाते आणि पुढच्या दोन्ही पाणचट लागतात.