रॉयल गार्डची तलवार इतक्या लवकर का मोडते?

प्रश्न: अंधेरी-चर्चगेट लोकलमध्ये 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' खेळतो. वस्तूंची वर्णनं वाचून खरंच इतिहास कळतो का?

उत्तर: कळतो. हायरूल किल्ल्यात रॉयल गार्डची तलवार सापडते का बघा. तिची मारक शक्ती ४८, म्हणजे साध्या रॉयल तलवारीच्या ३६ पेक्षा बरीच जास्त, पण टिकाऊपणा ३६ ऐवजी जेमतेम १४. (हा आकडा गेम दाखवत नाही, पण चार शत्रूंत कळतंच.) वर्णन सांगतं की शेखा लोकांनी प्राचीन तंत्र वापरून ती संकटाशी लढायला घडवली, पण ती टिकेना.

आता अक्कालाच्या लॅबमध्ये रॉबीकडे जा. गार्डियनचे दोन प्राचीन स्क्रू, एक दांडा, एक साधा बाण आणि ९० रुपी दिले की प्राचीन बाण मिळतो, आणि तो गार्डियनच्या डोळ्यात बसला की खेळ खलास. दहा हजार वर्षांपूर्वीचे सुटे भाग आजही चालतात. शंभर वर्षांपूर्वीच्या राज्याने त्यांची केलेली नक्कल मात्र हातात मोडते. कटसीन न बघताही राज्य का हरलं याचा अर्धा हिशेब इथेच लागतो. मासे-मशरूमच्या वर्णनांत मात्र इतिहास शोधू नका, तिथे बहुतेक स्वयंपाकच आहे.