शिवारात येताय तर 'पड' आधी समजून घ्या

मंगळवेढ्याकडं पावसाळ्यात आलात तर काळी रानं मोकळी दिसतील. "एवढी जमीन वाया का?" असं कुणाला विचारू नका. ती पड आहे, मुद्दाम ठेवलेली. आमच्याकडं रब्बीची मालदांडी ज्वारी जिरायत, म्हणजे पावसावरच. खरिपात पीक घेतलं तर ते ओल पिऊन टाकतं. म्हणून पावसाळाभर रान रिकामं ठेवायचं, तण उगवलं की कुळवाची पाळी घालायची, म्हणजे त्या पात्याच्या अवजारानं वरची माती हलवायची. वरची माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात, खालची ओल उडत नाही. त्याच ओलीवर ज्वारी येते. मुरमाड, उथळ रानात हे साधत नाही. तिथं ओल टिकतच नाही.

पेरणी वापशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, बेताची ओली असताना. मूठभर माती दाबून गोळा करा नि खाली टाका. फुटला तर वापसा, चिकटून राहिला तर थांबा.

'पाळी' शब्दानं गोंधळाल. कुळवाची पाळी म्हणजे मशागत, पाण्याची पाळी म्हणजे भिजवण. विहिरीला पाणी असेल तर ज्वारी पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असताना, एक पाळी दिली तरी उतारा, म्हणजे पिकाचं उत्पादन, वाढतो. उतारा एकरावर सांगतात: दोन एकरांत १२ क्विंटल, तर एकरी ६.

फेरपालटीला म्हातारी माणसं 'बिवड' म्हणतील. यंदा हरभरा, तर पुढं ज्वारीला बिवड चांगलं, कारण हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. एक रोप उपटून गाठी बघा. चिरल्यावर आत लालसर असतील तर त्या कामाच्या.