ॲप सोडताना चालू मॅचेसना काय लिहायचं?

“मॅडम, डेटिंग ॲपवर भेटलेला एक जण मला मनापासून आवडलाय. आता ॲप बंद करायचंय. पण अजून चार-पाच जणांशी बोलणं चालू आहे. त्यांना सांगायचं की गुपचूप निघून जायचं? आणि सांगायचं तर काय?”

ज्यांच्याशी खरोखर बोलणं चालू आहे, त्यांना सांगावं. चार-पाच वाक्यांत, खरं कारण देऊन, आणि शेवटी कुठलाही प्रश्न न ठेवता. बाकीच्यांना काही कळवायची गरज नाही.

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो, की तो आपल्याला इतका जड का जातो याचा मी बराच विचार केलाय. आपल्या घरांत नकार कधी मुलाने किंवा मुलीने स्वतः दिलाच नाही. तो मध्यस्थ द्यायचा, मामा द्यायचे, नाहीतर आईने फोन करून ‘पत्रिका जुळत नाही हो’ म्हणायचं. समोरच्यालाही त्यातलं काय ते कळायचं. ॲपवर हा मामा नाही. पंचवीस-तिशीतली मुलं-मुली आयुष्यात पहिल्यांदाच आपला नकार आपल्या हाताने लिहितात, आणि तो नीट कसा लिहितात हे त्यांनी कुठे पाहिलेलंच नसतं. म्हणून एक तर ती गप्प होतात, नाहीतर पानभर लिहितात.

पानभर लिहिणारी अशीच एक मुलगी पुण्यात माझ्याकडे येत होती. वय २९, आयटीत काम करणारी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सगळ्यात आधी मी तिला विचारलं, “त्यालाही हेच वाटतं, हे त्याच्या तोंडून ऐकलंयस का?” हा प्रश्न मी कधीच गाळत नाही. दोन सुंदर भेटींनंतर मनात सगळं ठरलेलं असतं आणि समोरच्याला त्याचा पत्ताही नसतो. तसं असेल तर निरोपाचे मेसेज पाठवायची वेळ आलेली नाही. तोवर प्रोफाइल नुसतं थांबवून ठेवावं. हिंजवर त्यासाठी पॉज आहे, बंबलवर स्नूझ. नवीन लोकांना आपण दिसत नाही, जुनी बोलणी जागेवर राहतात. हिच्या बाबतीत मात्र दोघांचं स्पष्ट बोलणं झालं होतं: आता बाकी कोणाला भेटायचं नाही.

मग मी तिला फोन काढायला लावला आणि आम्ही एकेक चॅट उघडलं. पाच होते. नाशिकच्या मुलाशी दोन दिवस ‘हाय, काय करतेस’ एवढंच झालेलं, शेवटचा मेसेज तीन आठवड्यांपूर्वीचा. हे बोलणं केव्हाच संपलेलं होतं. त्याला आता निरोप पाठवला, तर ‘ही कोण?’ असंच त्याला वाटलं असतं. दुसऱ्याने चौथ्याच मेसेजला फोटो मागितले होते, नाही म्हटल्यावरही पुन्हा मागितले होते. “त्यालाही नीट सांगायला हवं ना?” तिने विचारलं. नको. जिथे ‘नाही’ एकदा ऐकलं गेलेलं नाही, तिथे स्पष्टीकरण देणं म्हणजे बोलण्याला नवं तोंड फोडणं. स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, ॲपवर तक्रार करायची आणि ब्लॉक करायचं. आधी ब्लॉक केलं तर चॅट हाताशी राहीलच असं नाही, म्हणून स्क्रीनशॉट आधी.

राहिले तिघे. एक ट्रेकवाला, ज्याच्याशी तीन आठवडे जवळपास रोज रात्री गप्पा व्हायच्या पण भेट झाली नव्हती. एक जण कॉफीला एकदा भेटलेला, आणि येत्या रविवारी पुन्हा भेटायचं ठरलेलं. आणि एक बेंगळुरूचा, ज्याच्याशी बोलणं ॲपवरून व्हॉट्सॲपवर गेलं होतं. या तिघांच्या आठवड्यात तिची काहीतरी जागा होती. भेट ठरली आहे, भेट झाली आहे, किंवा रोजच्या बोलण्याची सवय लागली आहे, या तिन्हींपैकी एक जरी असेल तर मी त्याला चालू मॅच म्हणते. तिघांनाही कळवायचं ठरलं.

मेसेज तिने आधीच लिहून आणला होता. तो असा:

“हाय, खूप दिवस विचार करतेय तुला कसं सांगू. तू खरंच खूप चांगला मुलगा आहेस, तुझ्यात काहीच प्रॉब्लेम नाही. परिस्थिती वेगळी असती तर गोष्ट वेगळी झाली असती. पण सध्या माझं थोडं कॉम्प्लिकेटेड आहे. प्लीज रागावू नकोस, मला खूप गिल्टी वाटतंय. तुला माझ्यापेक्षा खूप छान कोणीतरी नक्की मिळेल. आपण फ्रेंड्स राहू शकतो ना?”

वाचायला प्रेमळ आहे. मी तिला एवढंच विचारलं, “हे वाचून झाल्यावर त्याने काय करावं असं तुला वाटतं?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्याने म्हणावं, इट्स ओके, तू वाईट वाटून घेऊ नकोस.”

“म्हणजे बातमी त्याला मिळणार आणि समजूतही त्यानेच तुझी काढायची?”

तिने मेसेज पुन्हा वाचला. या वेळी ती तो त्याच्या जागेवर बसून वाचत होती. “यात मी सोडून जातेय हे कुठे लिहिलंच नाहीये,” ती म्हणाली. खरंच नव्हतं. सात वाक्यांत ती मुख्य गोष्टच गळाली होती, कारण सातही वाक्यं तिच्या स्वतःच्या अपराधीपणासाठी लिहिलेली होती. तिने हे स्वतः शोधलं याचा मला आनंद झाला. माझं काम तो एक प्रश्न योग्य वेळी विचारण्यापुरतं होतं, आणि तेवढं जमायला बरीच वर्षं लागतात.

मी समुपदेशनात ज्या पद्धतीने काम करते ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, विवेकनिष्ठ उपचारपद्धती. मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचा गाभा या प्रसंगात अगदी कामाचा आहे. ‘माझ्यामुळे कोणाला वाईट वाटू नये’ ही इच्छा असेल तर ती चांगलीच आहे. पण ‘कोणाला वाईट वाटताच कामा नये, वाटलं तर मी वाईट’ अशी तिची सक्ती झाली, की माणूस मऊ खोटं लिहू लागतो. समोरच्याला थोडं वाईट वाटणारच, आणि तो ते सोसू शकतो. त्याला सोसता येणार नाही असं आपण परस्पर ठरवणं, हा त्याचा मान नाही.

मग एकेक वाक्य खोडलं. ‘कॉम्प्लिकेटेड’ हे खोटं होतं, आणि ते वाचून माणूस थांबून राहतो, गुंता सुटेल म्हणून. ‘परिस्थिती वेगळी असती तर’ हे दार किलकिलं ठेवतं. ‘प्लीज रागावू नकोस’ म्हणजे त्याने काय वाटून घ्यावं याची सूचना. ‘छान कोणीतरी मिळेल’ यात वरून खाली पाहिल्यासारखं होतं. आणि फ्रेंड्सचा प्रश्न तर त्याच्यावर दुसरं ओझं टाकतो, कारण आता त्याला त्याचंही उत्तर द्यायला हवं. शेवटी ट्रेकवाल्यासाठी हे उरलं:

“हाय, एक सांगायचं होतं. मला एक जण भेटलाय आणि आम्ही दोघांनी आता फक्त एकमेकांनाच भेटायचं ठरवलंय. त्यामुळे या आठवड्यात मी ॲप सोडतेय. तुझ्याशी बोलायला मजा आली, कोकणकड्याचा तो किस्सा तर लक्षात राहील. तुला शुभेच्छा.”

बातमी सुरुवातीलाच आहे. कारण खरं आहे, आणि ‘मग आपलं काय?’ विचारायला जागा नाही. कोकणकड्याचं वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं. तेवढ्या एका वाक्याने त्याला कळतं की हा मेसेज त्यालाच आहे, सगळ्यांना ढकललेला नाही. बाकीची वाक्यं तिघांना तीच ठेवली तरी काही बिघडत नाही; फक्त कॉपी-पेस्ट करताना नाव आणि किस्सा चुकीच्या माणसाला जात नाही ना, हे पाठवण्याआधी वाचून घ्यावं. रविवारवाल्याच्या मेसेजची सुरुवात “रविवारची भेट मी रद्द करतेय” अशी केली. तिने आधी ‘रविवारी जमणार नाही’ लिहिलं होतं. त्यावर कोणीही सहज विचारेल, मग शनिवारी? बेंगळुरूवाल्याला व्हॉट्सॲपवरच लिहायचं ठरलं, कारण बोलणं तिथे होतं. आणि वेळ संध्याकाळची, कामावरून सुटल्यानंतरची. रात्री बारा वाजता आलेला असा मेसेज माणूस अंथरुणात पडून पुन्हा पुन्हा वाचतो.

क्रमाबद्दल एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते. मेसेज पाठवला आणि लगेच अकाउंट डिलीट केलं, तर बहुतेक ॲपवर समोरच्याच्या यादीतून आपण आणि आपलं चॅट दोन्ही नाहीसं होतं. त्याने तोवर वाचलं नसेल, तर ते न सांगता गेल्यासारखंच झालं. अनमॅच केल्यानेही तेच होतं. म्हणून पाठवल्यावर दोन दिवस जाऊ द्यावेत आणि मग सेटिंग्जमध्ये जाऊन अकाउंट डिलीट करावं. फोनवरून नुसतं ॲप काढल्याने अकाउंट जात नाही, प्रोफाइल पुढेही लोकांना दिसू शकतं. पैसे भरून प्लॅन घेतला असेल, तर तो प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन वेगळा रद्द करावा लागतो, नाहीतर पैसे कापले जात राहतात.

उत्तरं तीन तऱ्हांची आली. ट्रेकवाल्याने अंगठा पाठवला आणि “ऑल द बेस्ट” लिहिलं. बेंगळुरूवाल्याच्या निळ्या टिक्स आल्या, उत्तर आलंच नाही, आणि तेही उत्तर धरायचं असतं. रविवारवाला मात्र चिडला: “मग परवा हो कशाला म्हणालीस?”

तिने मला घाबरून फोन केला. पुन्हा मोठं स्पष्टीकरण टाइप करून झालं होतं.

मी विचारलं, “परवा ठरलं होतं का?”

“नाही, काल रात्री ठरलं.”

“मग तेच लिही.”

तिने लिहिलं, “परवा आमचं ठरलं नव्हतं, काल ठरलं. तुझा राग मी समजू शकते.” त्यावर तो गप्प राहिला. राग त्याचा होता, तो त्याच्याकडेच राहू दिला. अशा वेळी उत्तर एकदाच द्यावं. ‘माझ्यात काय कमी होतं?’ असा प्रश्न आला तरी त्याची यादी करायला बसू नये. “कमी काही नाही, मी माझा निर्णय कळवला” एवढं पुरतं. शिवीगाळ झाली तर तेवढंही नाही.

पुढच्या भेटीत तिने विचारलं, “ज्याच्यासाठी ॲप सोडलं, त्याला हे सगळे मेसेज दाखवू का? म्हणजे त्याला विश्वास वाटेल.” मी नको म्हटलं. त्या तिघांनी आपल्या घरच्या, कामाच्या गोष्टी तिला सांगितल्या होत्या, तिसऱ्यासाठी नाही. सगळ्यांना कळवलंय हे त्याला तोंडी सांगावं, आणि त्याने काय केलंय तेही विचारावं.

तिने विचारलं. त्याने फक्त फोनवरून ॲप काढलं होतं. अकाउंट तसंच होतं, आणि दोघीजणी त्याच्या उत्तराची वाट पाहत होत्या. त्याने तिच्याकडे तिचाच मेसेज मागितला. मी म्हटलं, पहिली तीन वाक्यं खुशाल दे, त्या दोघींशी काय बोलणं झालं होतं ते वाक्य मात्र त्याचं त्याला लिहू दे.