टाइप ए आणि टाइप बी : एकाच औषधाच्या दोन प्रतिक्रिया

प्रश्न : मी बी. फार्मला आहे. औषधाची प्रतिकूल प्रतिक्रिया अपेक्षित की अनपेक्षित, हे प्रत्यक्ष रुग्णात कसे ओळखायचे? आणि अशा प्रतिक्रियेच्या नोंदीच्या, म्हणजे एडीआरच्या, फॉर्ममध्ये नेमके काय लिहायचे?

उत्तर : मी सोलापुरात औषधशास्त्र शिकवतो आणि वर्गात हा विषय एकाच औषधावर, म्हणजे फिटांवरच्या फेनिटॉइनवर, समजावून सांगतो, कारण या एका औषधात दोन्ही प्रकार दिसतात. पुढची दोन्ही उदाहरणे शिकवण्यासाठी रचलेली आहेत.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर काम करणारा एक तरुण रोज ३०० मिलिग्रॅम फेनिटॉइन घेतो. फिट पुन्हा आल्यामुळे डोस ४०० केला जातो आणि काही दिवसांतच तो चालताना झोकांड्या देऊ लागतो. बाजूला पाहायला सांगितले की त्याची बुबुळे थरथरतात. डोस तर एक तृतीयांशच वाढला होता. पण फेनिटॉइनचे विघटन करणारी यकृतातली विकरे नेहमीच्या डोसलाच जवळजवळ पूर्ण क्षमतेने काम करत असतात, त्यामुळे थोडी वाढही रक्तातली पातळी कितीतरी पट चढवते. पातळी १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावी. २० च्या पुढे बुबुळांची थरथर आणि ३० च्या पुढे तोल जाणे साधारणपणे दिसू लागते. पुरेसा डोस दिला तर हे बहुतेक कोणालाही होईल, औषधाच्या ज्ञात कार्यावरून ते आधी सांगता येते आणि डोस कमी केला की ते ओसरते. हा टाइप ए, म्हणजे अपेक्षित प्रकार.

आता विडी वळणारी एक महिला घ्या. तिचा डोस ३०० च आहे आणि रक्तातली पातळीही योग्य आहे. औषध सुरू केल्यापासून एकोणिसाव्या दिवशी तिला ताप येतो आणि डोळे लाल होतात, विसाव्या दिवशी ती मेडिकलमधून सेफिक्झिम हे अँटिबायोटिक आणून घेते, एकविसाव्या दिवशी अंगावर चट्टे उठतात आणि मग तोंडात फोड येऊन कातडी सुटू लागते. हे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम आहे, आणि फेनिटॉइनच्या फिट रोखण्याच्या कार्यावरून ते सांगता येत नाही. ते प्रतिकारशक्तीमार्फत मोजक्याच लोकांत घडते. डोस कमी करून भागत नाही, औषध तत्काळ बंद करून रुग्णाला दाखल करावे लागते. हा टाइप बी, म्हणजे अनपेक्षित प्रकार. मात्र ‘अनपेक्षित’ याचा अर्थ कायमचा अज्ञात असा घेऊ नये. फिटांवरच्याच कार्बामाझेपिनच्या बाबतीत एचएलए-बी १५:०२ हा जनुकप्रकार असलेल्यांना हाच धोका जास्त असतो हे आता ठाऊक आहे, आणि तिथे चाचणी करून काही अंशी अंदाज बांधता येतो.

फॉर्मचे खरे महत्त्व याच दुसऱ्या प्रकारात कळते. दहा हजारांत एकाला होणारी प्रतिक्रिया किमान एकदा तरी दिसण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे ३०,००० लोकांना औषध द्यावे लागते; बाजारात येण्यापूर्वीच्या चाचण्यांत इतके लोक क्वचितच असतात.

आपला फॉर्म गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनचा आहे. त्यात रुग्णाची आद्याक्षरे, प्रतिक्रिया आली तेव्हाचे वय, प्रतिक्रियेचे वर्णन, ती सुरू झाल्याची तारीख, संशयित औषध आणि नोंद करणाऱ्याची माहिती आवश्यक असते. औषधामुळेच झाले हे सिद्ध करण्याची गरज नाही, संशय पुरेसा असतो.

विद्यार्थी सर्वाधिक गोंधळतात ते तारखांच्या रकान्यांत. नातेवाईक सांगतात, “अँटिबायोटिक घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुरळ आलं,” आणि सेफिक्झिम संशयित म्हणून लिहिले जाते. पण ताप आणि लाल डोळे ही याच आजाराची पहिली लक्षणे होती, आणि ती सेफिक्झिमच्या आधीची आहेत. म्हणून फेनिटॉइन संशयित, तर सेफिक्झिम सोबतचे औषध म्हणून लिहावे. मात्र दोन्हींच्या सुरू-बंदच्या तारखा आणि मिळाल्यास बॅच क्रमांकही द्यावा. तापाची तारीख वर्णनातून गाळली, तर पुढे कार्यकारणसंबंध तपासणाऱ्याची हमखास दिशाभूल होते.

औषध बंद केल्यावर बरे वाटले का, हा रकानाही सांभाळून भरावा. तोल जाणे डोस कमी केल्यावर काही दिवसांत थांबते, तो भक्कम पुरावा असतो. कातडीचा आजार मात्र औषध थांबवल्यावरही काही दिवस वाढू शकतो, म्हणून ‘सुधारणा नाही’ एवढ्यावरून औषध निर्दोष ठरत नाही. औषध पुन्हा देऊन पाहणे इथे कधीही करायचे नाही. त्यामुळे कार्यकारणसंबंध ठरवण्याच्या जागतिक आरोग्य संघटना-उप्साला पद्धतीत अशी नोंद सहसा ‘निश्चित’ न ठरता ‘संभाव्य’ ठरते, आणि त्यात कमीपणा नाही.

रुग्ण दाखल झाला, म्हणून गंभीरतेच्या रकान्यात ‘रुग्णालयात दाखल’ या पर्यायावर खूण करावी. भरलेला फॉर्म जवळच्या एडीआर मॉनिटरिंग सेंटरकडे द्यावा; तिथून तो गाझियाबादला आणि पुढे स्वीडनमधील उप्सालाच्या जागतिक नोंदसंग्रहात जातो. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही कळवता येते, आणि रुग्णांसाठीचा वेगळा फॉर्म मराठीतही आहे.

फॉर्म पाठवला तरी एक काम उरते. त्या महिलेच्या केसपेपरवर फेनिटॉइनचे नाव ठळकपणे लिहावे, तिच्याजवळही चिठ्ठी द्यावी आणि कार्बामाझेपिन व फेनोबार्बिटॉन यांचाही त्यात उल्लेख करावा, कारण रचनेने जवळच्या या औषधांनीही तिला तीच प्रतिक्रिया येऊ शकते.