40 शेअर्सच्या वॉचलिस्टला महिन्याला किती एपीआय कॉल लागतात?

प्रश्न: माझ्या वॉचलिस्टमध्ये एनएसईचे 40 शेअर आहेत. बाजार चालू असताना दर 15 मिनिटांनी भाव हवा आणि संध्याकाळी दिवसाचा कँडल. सगळं स्वतःपुरतंच आहे. माझ्या स्क्रिप्टचे भाव देणाऱ्या सेवेच्या एपीआयला महिन्याला किती कॉल होतील, आणि कोणता प्लॅन घेऊ?

उत्तर: जवळपास 23 हजार, किंवा फक्त दीड हजार. तुम्ही निवडलेली सेवा एक कॉल कशाला म्हणते, त्यावर हे ठरतं. म्हणून प्लॅनची किंमत बघण्याआधी तिच्या डॉक्युमेंटेशनमधलं तेवढं एक पान वाचून काढा.

आधी मोठा आकडा. बाजार 9:15 ते 3:30 चालतो, म्हणजे 375 मिनिटं. 15 मिनिटांचा पहिला कँडल साडेनऊला बंद होतो आणि शेवटचा साडेतीनला, त्यामुळे दिवसाला 25 फेऱ्या. प्रत्येक शेअरचा कॉल वेगळा धरला तर 25 गुणिले 40, म्हणजे 1000. संध्याकाळचे 40 मिळवले की 1040. महिन्यात बाजाराचे 22 दिवस धरा (सुट्ट्यांमुळे बहुतेकदा कमीच भरतात), की 22,880 होतात. नेट गेलं, सर्व्हरने उत्तर दिलं नाही, स्क्रिप्टने पुन्हा विचारलं, यासाठी दहा-पंधरा टक्के वर ठेवा. म्हणजे 26 हजारांच्या आसपास.

काही सेवा एका विनंतीत अनेक शेअर घेतात. झिरोधाच्या काइट कनेक्टमध्ये कोटच्या एका कॉलला 500 पर्यंत शेअर चालतात. तिथे तुमची एक फेरी म्हणजे एकच कॉल. दिवसाला 25, आणि संध्याकाळी हिस्टॉरिकल कँडलचे 40, कारण ते मात्र एकेका शेअरचेच मागावे लागतात. एकूण 65, महिन्याला 1430. उलट ट्वेल्व्ह डेटासारख्या सेवेत 40 शेअर एकत्र मागितले तरी 40 क्रेडिट जातात. बॅच आहे म्हणून कोटा वाचेल असं तिथे गृहीत धरू नका.

आता खरी अडचण. महिन्याची बेरीज प्लॅनमध्ये बसते आणि तरी काम अडतं, कारण मर्यादा दिवसाची आणि मिनिटाचीही असते. दिवसाला 800 आणि मिनिटाला 8 ही मर्यादा घ्या. ट्वेल्व्ह डेटाच्या मोफत प्लॅनची हीच आहे. इथे ती फक्त हिशेबासाठी घेतली आहे, एनएसईचे भाव कोणत्या प्लॅनमध्ये मिळतात ते वेगळं तपासावं लागतं. 800 भागिले 40, म्हणजे 20 फेऱ्या. साडेनऊपासून मोजलं तर विसावी फेरी सव्वादोनला होते. अडीचपासून साडेतीनपर्यंतच्या पाच फेऱ्या आणि संध्याकाळचे कँडल हातात येतच नाहीत. दिवसातला शेवटचा तास जातो, आणि तोही रोज.

मिनिटाच्या मर्यादेचा त्रास लवकर लक्षात येत नाही. मिनिटाला 8 म्हणजे 40 शेअर पाच मिनिटांत. पहिल्याचा भाव 9:30 चा, शेवटच्यांचा 9:34 चा, आणि फाईलमध्ये सगळ्यांपुढे 9:30. शेअर एकमेकांशी ताडून बघत असाल तर हे आकडे कामाचे नाहीत. भावासोबत सर्व्हरने दिलेली वेळही साठवा, फरक लगेच दिसेल.

ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा क्रॉनही तपासा. बहुतेक जण असं लिहितात:

```
*/15 9-15 * * 1-5
```

हे 9:00, 9:15 आणि 15:45 लाही चालतं. 25 ऐवजी 28 फेऱ्या, म्हणजे रोज 120 कॉल वाया. शिवाय बाजाराच्या सुट्ट्या त्याला कळत नाहीत. एनएसईची सुट्ट्यांची यादी एका फाईलमध्ये ठेवून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ती बघा. आणि मर्यादा ओलांडल्याचा 429 एरर आला की लगेच पुन्हा विचारू नका, थोडं थांबून विचारा. काही ठिकाणी नाकारलेला कॉलही मोजला जातो.

जुना डेटा भरायचा असेल तर तो महिन्याच्या हिशेबात धरू नका, एकदाचाच खर्च आहे. काइटमध्ये 15 मिनिटांचे कँडल एका कॉलला 200 दिवसांचे मिळतात. पाच वर्षांसाठी एका शेअरला 10 कॉल, 40 शेअर्सना 400. सेकंदाला तीनच्या मर्यादेतही ते अडीच मिनिटांच्या आत उरकतात.

तुमच्या जागी मी एका विनंतीत अनेक शेअर देणारी आणि कॉलच्या एकूण संख्येऐवजी वेगावर मर्यादा घालणारी ब्रोकरची सेवा घेईन. काइटमध्ये कोटचा वेग सेकंदाला एक कॉल आहे, तुम्हाला 15 मिनिटांना एक लागतो. मात्र भाव त्यांच्या पैसे भरून घ्यायच्या प्लॅनमध्येच येतात. दुसरी कुठली कॉल मोजणारी सेवा घेणार असाल, तर दिवसाला किमान 1200 आणि मिनिटाला किमान 40 असलेला प्लॅन बघा. आधी आठवडाभर स्क्रिप्ट चालवून प्रत्येक कॉलची एक ओळ लॉगमध्ये टाका, आणि आठवड्याची बेरीज सेवेच्या डॅशबोर्डवरच्या आकड्याशी जुळते का ते बघून मगच वर्षाचे पैसे भरा.